ट्रेंटची धर्मसभा आणि राचोलचे पुराण

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ला हमखास एक परिच्छेद मिळतो. १६१६ साली गोव्यात छापले गेलेले, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे काव्य. त्याचा कर्ता इंग्रज. आणि त्यातील मराठी भाषेची स्तुती. या तीन गोष्टी सांगून इतिहासकार पुढे जातो आणि विद्यार्थीही परीक्षेत तेवढेच लिहितो. एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. या माणसाला लॅटिन उत्तम येत होते, मराठी आणि कोकणी येत होती, आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरल्यापासून हा ग्रंथ छापून होईपर्यंत सदतीस वर्षे त्याच्या हाताशी होती. असे असता त्याने बायबलचे मराठी भाषांतर का केले नाही? त्याच्या मायदेशी अवघी पाच वर्षे आधी, १६११ साली, राजा जेम्सच्या आज्ञेने झालेले इंग्रजी बायबल प्रसिद्ध झाले होते. तिकडे बायबल, इकडे पुराण, असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर गोव्यात सापडत नाही. ते आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या ट्रेंट नावाच्या गावी, कॅथलिक धर्मसभेच्या १५४६ सालच्या बैठकांत दडलेले आहे, असे आम्हांस वाटते. ‘ख्रिस्तपुराणा’चा घाट कवीच्या प्रतिभेने जितका ठरला, तितकाच तो त्या सभेने काय बंद केले आणि काय उघडे ठेवले यानेही ठरला. प्रस्तुत लेखात तेवढेच दाखवून देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रारंभी भूगोलाचा एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे, कारण या विषयात वाचक हमखास त्यात सापडतात. साष्टी या नावाचे दोन प्रदेश आहेत. आम्ही जिथे बसून हे लिहीत आहोत ते भांडुप ठाण्याच्या साष्टी बेटावर आहे; १५३४ च्या तहाने हे बेट पोर्तुगिजांकडे गेले आणि मराठ्यांच्या वसईच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, त्यांच्या हातून निसटले. दुसरी साष्टी दक्षिण गोव्यातील, मडगाव आणि राचोलची. स्टीफन्सचे कार्य मुख्यत्वे या दुसऱ्या साष्टीत झाले. तथापि त्या काळी ठाण्याची साष्टी आणि वसई यांना स्वतंत्र बिशप नव्हता. हा सारा मुलूख गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत होता. त्यामुळे गोव्यात ट्रेंटचा जो अर्थ लावला गेला तो ठाणे-वसईच्या ख्रिस्ती वाड्यांनाही लागू होता. दोन साष्टींची गोष्ट या अर्थाने एकच आहे.

आता ट्रेंटकडे वळू. मार्टिन ल्यूथरच्या बंडाला पाव शतक उलटून गेल्यावर, १३ डिसेंबर १५४५ रोजी ही सभा भरली आणि मध्ये दोन मोठे खंड पडून ४ डिसेंबर १५६३ रोजी संपली. ल्यूथरचे म्हणणे असे की धर्माचे प्रमाण एकच, पवित्र ग्रंथ. आणि तो प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत वाचावा. त्याने स्वतः जर्मन भाषांतर करून ते म्हणणे कृतीत आणले होते. साहजिकच सभेपुढचा पहिला मोठा विषय होता तो ग्रंथाचा. कोणती पुस्तके पवित्र मानावयाची, कोणता पाठ प्रमाण धरावयाचा, आणि लोकभाषेतील भाषांतरांचे काय करावयाचे?

पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर ८ एप्रिल १५४६ च्या चौथ्या बैठकीत मिळाले. पुस्तकांची यादी निश्चित झाली. लिखित ग्रंथाबरोबरच प्रेषितांपासून चालत आलेली परंपराही तितक्याच आदराने स्वीकारावी, असे ठरले. अनेक लॅटिन पाठांपैकी शतकानुशतके चर्चमध्ये वापरात असलेला ‘वुल्गाता’ हा पाठ जाहीर व्याख्यान, वादविवाद आणि प्रवचन यांसाठी अधिकृत मानावा, असाही ठराव झाला. येथे ‘अधिकृत’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. हिब्रू आणि ग्रीक मूळ पाठ टाकाऊ आहेत, असे सभेने कोठेही म्हटले नाही. श्रद्धेच्या आणि आचरणाच्या बाबतीत या पाठावर विसंबता येईल, एवढाच त्या शब्दाचा आशय होता. वुल्गातामध्ये पाठभेद आणि चुका आहेत हे सभेतल्या विद्वानांना चांगले ठाऊक होते; म्हणून तो शक्य तितका शुद्ध करून छापावा, अशी सूचनाही त्याच ठरावात आहे. ती अमलात यायला पुढे जवळजवळ अर्धशतक लागले. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५९० साली घाईने काढलेली प्रत त्यांच्या मृत्यूनंतर मागे घ्यावी लागली, आणि १५९२ साली पोप क्लेमेंट आठवे यांच्या कारकिर्दीत सुधारलेली प्रत निघाली.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र सभेत फूट पडली. स्पेनचे कार्डिनल पाचेको यांचे मत असे की लोकभाषेतील भाषांतरे पाखंडाची जननी आहेत, त्यांना बंदी घालावी. ट्रेंटचे बिशप कार्डिनल माद्रुत्सो यांनी याला कडाडून विरोध केला; त्यांचा प्रदेश जर्मन आणि इटालियन भाषांच्या सीमेवरचा होता, आणि सामान्य माणसाच्या तोंडी धर्मवचने त्याच्याच भाषेत असतात हे त्यांच्या रोजच्या अनुभवातले होते. या वादाचा निकाल लागला नाही. सभेने लोकभाषेतील बायबलला मान्यता दिली नाही आणि बंदीही घातली नाही. तिने मौन पाळले. इतिहासात अशा मौनाला फार महत्त्व असते, कारण रिकामी जागा पुढे कोणीतरी भरतोच. येथे ती रोमने भरली. सभा संपल्यावर १५६४ मध्ये पोप पायस चौथे यांनी निषिद्ध ग्रंथांची जी सूची काढली, तिच्या चौथ्या नियमानुसार लोकभाषेतील बायबल वाचावयाचे तर बिशपची किंवा इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक झाली. १५९६ च्या सूचीत हा नियम अधिकच आवळला गेला. म्हणजे ‘ट्रेंटने बायबलच्या भाषांतरावर बंदी घातली’ असे जे सर्रास लिहिले जाते ते काटेकोरपणे खरे नाही. दार सभेने अर्धवट लोटून ठेवले आणि कडी नंतर घातली गेली.

ही कडी सर्वत्र सारखी घट्ट नव्हती, याचा पुरावा खुद्द स्टीफन्सच्या मातृभाषेत आहे. परागंदा इंग्रज कॅथलिकांनी वुल्गातावरून केलेला इंग्रजी नवा करार १५८२ साली र्‍हाँस येथे, आणि जुना करार १६०९-१० मध्ये दुए येथे प्रसिद्ध झाला. इंग्लंडात प्रॉटेस्टंटांच्या हाती इंग्रजी बायबल होते. त्यांच्याशी वाद घालावयाचा तर कॅथलिकांच्या हातीही ते असणे भाग होते. गोव्यात असा प्रतिपक्ष नव्हता. तेथे समोर उभे होते ते पुराण ऐकणारे श्रोते. ज्या चर्चने इंग्रजाला इंग्रजी बायबल दिले त्याच चर्चने गोमंतकीयाला ते दिले नाही, याचे एक कारण असे व्यावहारिक होते.

परंतु ट्रेंटने एक दार लोटले त्याच वेळी दुसरे सताड उघडले, आणि मराठीच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे ठरले. हे दार प्रवचनाचे. १५४६ च्या जून महिन्यातील पाचव्या बैठकीत ठरले की रविवारी आणि सणाच्या दिवशी धर्मगुरूने लोकांना त्यांच्या कुवतीप्रमाणे, थोडक्यात आणि सोप्या शब्दांत उपदेश केलाच पाहिजे. १५६२ च्या बाविसाव्या बैठकीत मिस्साची भाषा लॅटिनच राखली गेली. पण त्याबरोबरच, देवाची लेकरे उपाशी राहू नयेत म्हणून मिस्सात वाचल्या जाणाऱ्या मजकुराचा अर्थ वरचेवर समजावून सांगावा, असेही बजावले गेले. १५६३ च्या चोविसाव्या बैठकीने तर सॅक्रामेंटांचा अर्थ व उपयोग लोकभाषेत उलगडून सांगण्याचा आदेश दिला, आणि त्यासाठी लिहावयाच्या धर्मबोधाचे लोकभाषांत नेटके भाषांतर करवून घेण्याची जबाबदारी बिशपांवर टाकली. अशा रीतीने एकाच सभेतून दोन आज्ञा निघाल्या. ग्रंथ लॅटिनमध्ये राहील. ग्रंथाचा अर्थ मात्र लोकांच्या भाषेत सांगितलाच पाहिजे. ‘ख्रिस्तपुराण’ या दोन आज्ञांच्या मधल्या जागेत उभे राहिले.

पोर्तुगालने ट्रेंटचे ठराव १५६४ साली स्वीकारले. प्रत्येक प्रांतात ठरावीक काळाने बिशपांची सभा भरवावी, असा ट्रेंटचा दंडक होता. त्यानुसार गोव्याची पहिली प्रांतिक सभा १५६७ मध्ये भरली. या सभेचा इतिहास कठोर आहे आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. हिंदू पुरोहित व धर्मोपदेशक यांना हद्दपार करावे, त्यांचे धर्मग्रंथ काढून घ्यावेत, अशा शिफारशी तिने केल्या, आणि राज्यसत्तेने त्यांना कायद्याचे बळ दिले. त्याच वर्षी गोव्याच्या साष्टीतील देवळे पाडली गेली. ट्रेंटचा मूळ रोख युरोपातल्या ख्रिस्ती पंथभेदावर होता. गोव्यात तोच रोख हिंदू समाजाकडे वळला. युरोपात जी सूची ल्यूथरची पुस्तके अडवीत होती, तिच्याच धर्तीचे नियम येथे पुराणांच्या पोथ्यांवर चालले. बाटलेल्या माणसाची परिस्थिती अशी झाली की जुनी कथा ऐकण्यास मनाई, आणि नवी कथा लॅटिनमध्ये.

आता ‘ख्रिस्तपुराणा’चा पहिला अवस्वरू उघडावा. साष्टीतल्या एका चर्चमध्ये धर्मशिक्षण चालू आहे. तेथे एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीला विचारतो त्याचा भावार्थ असा: आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? या प्रश्नातून पुढचे सारे काव्य निघते. वाङ्मयाचे अभ्यासक याकडे कथाचौकट म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. ऋषींनी विचारावे आणि सूताने सांगावे ही पुराणांची जुनी रीत आहे. परंतु या प्रश्नात १५६७ चा इतिहासही बोलतो. एक वाङ्मय हिरावले गेल्याची तक्रार त्यात स्पष्ट आहे, आणि ती तक्रार स्टीफन्सने लपविली नाही. उलट आपल्या ग्रंथाच्या दारातच मांडून ठेवली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो ब्राह्मण बायबल मागत नाही, पुराण मागतो. त्याला मोक्षाची गोष्ट ऐकावयाची आहे, आणि ती ऐकण्याची त्याला माहीत असलेली रीत म्हणजे ओवी.

ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षकही पाहण्यासारखे आहे. आपला त्राता येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनावरील विवेचन, दोन प्रबंधांत विभागलेले, असा त्याचा अर्थ. त्यापुढे, इन्क्विझिशन आणि स्थानिक बिशप यांच्या परवानगीने राचोल येथील जेझुइटांच्या कॉलेजात छापले, असा उल्लेख. यातला प्रत्येक शब्द ट्रेंटच्या चौकटीत बसणारा आहे. ट्रेंटच्या चौथ्या बैठकीने धर्मविषयक पुस्तक बिशपच्या तपासणीवाचून छापण्यास मनाई केली होती; तो परवाना शीर्षकातच नोंदला आहे. आणि ग्रंथाची जात ‘विवेचन’ अशी सांगितली आहे. ते भाषांतर नव्हे, शास्त्रग्रंथही नव्हे. ते ओवीबद्ध प्रवचन आहे. ज्या दाराने जाण्यास मुभा होती त्याच दाराने स्टीफन्स आत गेला. लोकांनी मात्र त्याला पुराणच म्हटले, आणि तेच नाव टिकले.

ग्रंथाची रचनाही या जातीला धरून आहे. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू जुन्या करारातली कथा सांगतात. दुसऱ्याचे एकोणसाठ ख्रिस्तचरित्र सांगतात. पण हा क्रम बायबलच्या पुस्तकांचा नाही. जुन्या करारातून ख्रिस्ताच्या आगमनाकडे नेणारे धागे निवडून घेतलेले आहेत, त्यांच्यात परंपरेने चालत आलेल्या कथा मिसळलेल्या आहेत, मध्येमध्ये श्रोत्यांच्या शंका आणि त्यांची उत्तरे येतात. ग्रंथ आणि परंपरा यांचा सारखाच आदर करावा, हे ट्रेंटचे सूत्र येथे सिद्धान्त म्हणून येत नाही, कथनाची पद्धती म्हणून येते. ‘फक्त ग्रंथ’ मानणाऱ्या प्रॉटेस्टंट कवीला अशी मिसळ करताना संकोच वाटला असता. स्टीफन्सला ती स्वाभाविक वाटली, आणि पुराण ऐकून वाढलेल्या श्रोत्यालाही.

येथे मराठीच्या अभ्यासकाला एक ओळखीची खूण पटावी. ग्रंथ विद्वानांच्या भाषेत, अर्थ लोकांच्या भाषेत, ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नव्हती. गीता संस्कृतातच राहिली आणि ज्ञानदेवांनी तिचा अर्थ ओवीत उतरविला. भागवताचा एकादश स्कंध संस्कृतातच राहिला आणि एकनाथांनी त्यावर मराठीत निरूपण केले. १५८४ साली, म्हणजे रोममध्ये वुल्गाताच्या शुद्ध पाठाची खटपट चालू असतानाच, एकनाथांनी पैठणास ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तिच्यात पदरच्या ओव्या घुसडू नयेत असे बजावले. दोन अगदी अपरिचित जगांत, एकाच दशकांच्या अवधीत, पाठशुद्धीची चिंता उभी राहावी हा योगायोग असेल. पण तो बोलका आहे. भेदही तितकाच बोलका आहे. एकनाथांना कोणी अधिकार दिला नव्हता आणि ज्ञानदेवांनी कोणाचा परवाना घेतला नव्हता. त्यांचा अधिकार लोकांनी मागाहून मान्य केला. वुल्गातामागे पोप होता आणि ‘ख्रिस्तपुराणा’मागे इन्क्विझिशनची मोहोर. ओवी तीच, निरूपणाची रीत तीच. परंतु एका ठिकाणी लोकभाषा स्वतःहून पुढे आली, दुसऱ्या ठिकाणी तिला आखून दिलेल्या कुंपणात बागडावे लागले. स्टीफन्सचे मोठेपण असे की त्या कुंपणातही त्याची ओवी मोकळी वाटते.

हे कुंपण नेमके कोठे होते ते त्याच्या शब्दकळेत दिसते. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. देव हा शब्द तो निःसंकोच वापरतो. निसर्ग, शोक, युद्ध, वात्सल्य यांची वर्णने ज्ञानदेव-एकनाथांच्या वळणाची आहेत. पण पवित्र आत्म्याची वेळ आली की ‘स्पिरितु सांतु’, चर्चची वेळ आली की ‘इग्रेज’, असे पोर्तुगीज-लॅटिन शब्द मराठी ओवीत तसेच ठेवले जातात. याला शब्ददारिद्र्य म्हणता येणार नाही. ज्याला मराठीची इतकी शब्दसंपत्ती अवगत होती त्याला आणखी चार शब्द घडविणे अवघड नव्हते. जेथे कथा आहे तेथे मराठी शब्द येतो, आणि जेथे व्याख्या आहे तेथे परका शब्द राहतो, असा हा विभाग आहे.

‘सॅक्रामेंट’ या एका शब्दापुरते हे उदाहरण तपासून पाहू. ३ मार्च १५४७ च्या सातव्या बैठकीत ट्रेंटने जाहीर केले की ख्रिस्ताने स्थापिलेली सॅक्रामेंटे नेमकी सात आहेत, अधिक नाहीत आणि उणी नाहीत. आणि ती कृपेची केवळ चिन्हे नसून कृपा प्रत्यक्ष देणारी साधने आहेत. या विधानातला आकडा आणि क्रियापद दोन्ही वादाचे होते, म्हणून दोन्ही तोलून वापरले गेले. आता याला मराठी प्रतिशब्द कोणता योजावा? ‘संस्कार’ हा शब्द जवळचा आहे, पण तो म्हणताच श्रोत्याच्या मनात सोळा हा आकडा येतो, उपनयन येते, आणि वर्णाप्रमाणे अधिकार येतो. ज्या शब्दाने सात म्हणावयाचे तोच शब्द सोळा म्हणू लागला तर व्याख्येचा पायाच ढासळतो. शिवाय आशियातल्या मिशनऱ्यांनी एक ठेच खाल्लेली होती. जपानमध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी देवासाठी ‘दाइनिची’ हा तिथला शब्द प्रथम स्वीकारला, आणि तो एका बौद्ध उपास्याचे नाव आहे हे कळताच सोडून दिला. तेव्हापासून मूळ शब्द तसाच ठेवणे अधिक सुरक्षित मानले जाऊ लागले. आज मराठी ख्रिस्ती लेखनात ‘संस्कार’ हा शब्द सहज वापरला जातो, कारण आता त्याचा ख्रिस्ती अर्थ रूढ झाला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी तो तसा नव्हता.

राहिला प्रश्न हे निरूपण करणार कोण याचा. ट्रेंटने १५ जुलै १५६३ च्या तेविसाव्या बैठकीत त्याचे उत्तर दिले. प्रत्येक धर्मप्रांताने किमान बारा वर्षांच्या, लिहितावाचता येणाऱ्या मुलांसाठी विद्यालय चालवावे. गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, श्रीमंतांनी आपला खर्च भरावा. आणि त्यांना व्याकरण, गायन, सणवारांचे गणित, पवित्र ग्रंथ आणि सॅक्रामेंटांचे विधी शिकवावेत. हे विद्यालय म्हणजे देवाच्या सेवकांचे अखंड बीजस्थान व्हावे, अशी ठरावाची भाषा आहे. लॅटिनमध्ये ‘सेमिनारिउम’ म्हणजे रोपवाटिका. कोकणातला शेतकरी त्याला तरवा म्हणेल. दाट पेरून रोपे वाढवावयाची आणि मग शेताशेतांत लावावयाची, ही कल्पना या शब्दात आहे. सेमिनरी हा आज रुळलेला शब्द या ठरावामुळे प्रचारात आला.

गोव्याने या बाबतीत ट्रेंटच्याही आधी पाऊल टाकले होते. १५४१ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यालयात एतद्देशीय मुलांना शिकवून त्यांना आपापल्या लोकांत परत पाठवावे, हाच हेतू होता. आमच्या साष्टीत, बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्यांवर फ्रान्सिस्कनांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास विद्यालय उभारले. त्याचे अवशेष आजही दिसतात. पण ट्रेंटच्या अभ्यासक्रमाची यादी पुन्हा एकदा वाचावी. तीत लोकभाषा नाही. युरोपात तिची गरज नव्हती. तिथला मुलगा ज्या बोलीत वाढला तीतच पुढे प्रवचन करणार होता. गोव्यात मात्र पोर्तुगालहून आलेला पाद्री लॅटिन शिकून तयार असे आणि समोरच्या माणसाशी बोलताना दुभाष्यावर विसंबून राही. प्रवचन लोकभाषेत करावे, ही सभेची आज्ञा. ते करण्याची विद्या देण्याची तजवीज त्याच सभेच्या अभ्यासक्रमात नाही. ही फट स्टीफन्सने आयुष्यभर बुजविली. त्याने कोकणीचे व्याकरण लिहिले, ते भर घालून १६४० साली राचोलला छापले गेले. कोकणीतील धर्मबोध लिहिला, तो त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली निघाला. धर्मबोध नवख्यासाठी, व्याकरण पाद्रीसाठी, पुराण सर्वांसाठी, अशी ही तीन अंगे आहेत. ती एकत्र वाचली तरच त्याच्या कामाचा आवाका ध्यानात येतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ च्या एका पत्रात त्याने रोमला कळविले की या देशाच्या भाषेतील पुस्तके या देशाच्याच लिपीत छापलेली पाहण्याची आपली फार दिवसांची इच्छा आहे, जशी मलबारकडे छापली गेली. पण अक्षरे जोडून होणारी रूपे इतकी की सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, तेथे युरोपचे काम चोवीस अक्षरांत भागते. ‘ख्रिस्तपुराण’ अखेर रोमन लिपीत छापले गेले. याचा परिणाम दूरगामी झाला. शुद्ध मराठी ओवी, पण ती वाचता येणार फक्त चर्चच्या शाळेत शिकलेल्याला. उर्वरित महाराष्ट्राच्या वाचनात ती तीन शतके आलीच नाही. सतराव्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही; काव्य जगले ते हस्तलिखितांच्या आधाराने. १९०७ साली मंगळूरहून जे. एल. सालडाना यांनी ते रोमन लिपीत छापले, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले.

मधल्या काळात गोव्यात उघडलेले दारही लोटले गेले. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ट्रेंटने लोकभाषेतील उपदेशाचा आग्रह धरला होता; ट्रेंटचे नाव घेणाऱ्या राज्याने ती भाषाच नको म्हटले. १७६२ साली राचोलच्या त्याच इमारतीत धर्मप्रांताची सेमिनरी आली, आणि ती आजही तेथे आहे. बायबलचे मराठी भाषांतर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी श्रीरामपूरच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी हाती घेतले. म्हणजे ट्रेंटच्या कडीबाहेरच्या माणसांनी. कॅथलिक चर्चने ती कडी पूर्णपणे काढली ती दुसऱ्या व्हॅटिकन सभेत. १९६३ मध्ये उपासनेला लोकभाषेची वाट मोकळी झाली, आणि १९६५ मध्ये पवित्र ग्रंथ सर्वांना सहज उपलब्ध असावा व मूळ भाषांतून त्याची भाषांतरे व्हावीत, असे त्या सभेने सांगितले. त्यानंतर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली प्रसिद्ध झाले आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत जवळजवळ चारशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते मराठीच्या कुवतीने पडलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की ‘ख्रिस्तपुराण’ शिकविताना मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांवर थांबू नये. त्या पहिल्या अवस्वरूतल्या ब्राह्मणाचा प्रश्न वर्गात वाचावा, आणि त्याच्या शेजारी १५४६ ची चौथी बैठक आणि १५६७ ची गोव्याची सभा ठेवावी. मग ते काव्य परदेशी माणसाने मराठीवर केलेले प्रेम एवढ्यापुरते उरत नाही. एका समाजाची पुराणे काढून घेतली गेली, त्याला ग्रंथ दिला गेला नाही, आणि त्या दोन नकारांच्या मध्ये एका कवीला जे देता आले ते त्याने दिले, असे ते दिसू लागते.